प्रशिक्षणाच्या दिवशी फोन कोण उचलणार?

‘प्रिय ग्राहक, येत्या बुधवारी कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण असल्यामुळे आमची सपोर्ट सेवा मर्यादित स्वरूपात उपलब्ध राहील. होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

असा दोन ओळींचा मेल नोकरीधंद्यात अनेकांनी वाचलेला असतो, काहींनी पाठवलेलाही असतो. भाषा सभ्य आहे, चूक काही नाही. पण ज्याला तो येतो त्याच्या मनात लगेच तीन प्रश्न उभे राहतात. सॉफ्टवेअर बंद राहणार आहे का? मर्यादित म्हणजे फोन उचलणार की नाही? आणि त्या दिवशी मोठं काही बिघडलं तर वाट किती बघायची? तिन्हींचं उत्तर मेलमध्ये नाही. मग तो फोन करतो, ज्या टीमला फोन कमी यावेत म्हणून मेल पाठवला गेला तिलाच.

हा मेल नीट कसा तयार होतो, हे एका उदाहरणावरून पाहू. पुण्यातली एक सॉफ्टवेअर कंपनी आहे असं धरा. पश्चिम महाराष्ट्रातल्या चार नागरी सहकारी बँकांना ती बँकिंगचं सॉफ्टवेअर पुरवते. शाखेतल्या क्लार्कला लॉगिन होत नाही, पासबुक छापलं जात नाही, व्हाउचर अडकलं, की तो कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावतो. फोनची नोंद म्हणजे ‘तिकीट’. टीममध्ये नऊ जण आणि त्यांच्यावर एक टीम लीड. डिसेंबरमध्ये सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवायची आहे. ती बसण्याआधी सपोर्टच्या माणसांना यायला हवी, म्हणून दिवसभराचं प्रशिक्षण. टीम लीडने यातल्या एका बँकेच्या आयटी प्रमुखांना मेल लिहायचा आहे.

इथे पहिली गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. मेल दिसायला सूचनेसारखा असला तरी प्रत्यक्षात ती विनंती आहे. कंपनी आणि बँक यांच्यात करार झालेला असतो. त्यात सेवेच्या वेळा आणि प्रतिसादाची मुदत लिहिलेली असते. त्या भागाला या व्यवसायात सगळे ‘एसएलए’ म्हणतात. आपल्या उदाहरणात बँकेच्या कामाच्या दिवशी सकाळी ९ ते रात्री ८ अशी वेळ ठरली आहे. तातडीच्या तिकिटाला १५ मिनिटांत प्रतिसाद आणि ४ तासांत तोडगा, मध्यम तिकिटाला तासाभरात प्रतिसाद, साध्या तिकिटाला ४ तासांत. यातलं काहीही एका दिवसासाठी का होईना शिथिल करायचं, तर तो करारातला बदल होतो. टीम लीडला तो परस्पर करता येत नाही. आधी आपल्या कंपनीत त्या बँकेचं खातं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला विचारायचं आणि मग बँकेकडून लेखी ‘चालेल’ घ्यायचं, हाच रस्ता. ‘मर्यादित राहील’ असं लिहून टाकणाऱ्या मेलचा दोष भाषेत नसतो. ज्याची परवानगी हवी त्याला तो निर्णय कळवून मोकळा होतो, हा त्याचा दोष.

बँकेलाही हे हलकं घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये आयटी सेवा बाहेरून घेण्याबाबत निर्देश काढले आणि मोठ्या नागरी सहकारी बँकाही त्यांच्या कक्षेत आल्या. काम बाहेर दिलं म्हणून बँकेची जबाबदारी कमी होत नाही, हा त्यांचा गाभा. उद्या एखाद्या शाखेत ग्राहकाचा खोळंबा झाला तर उत्तर आयटी प्रमुखांनाच द्यावं लागतं. ‘कंपनीवाल्यांचं ट्रेनिंग होतं’ हे उत्तर कोणी ऐकून घेत नाही.

आता तारीख. महिन्याचा पहिला आठवडा पगार आणि पेन्शनचा, महिनाअखेर हप्त्यांची आणि व्याजाची. हे दिवस बाद. सोमवार आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी गर्दी असते, तेही बाद. दुसरा आणि चौथा शनिवार मोह पाडतो, कारण २०१५ पासून त्या दिवशी बँका बंद असतात. पण मग टीमची हक्काची सुट्टी जाते, आणि सुट्टीच्या दिवशी ओढून आणलेली माणसं कितपत शिकतात हे शिकवणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं. टीम लीडने आधी गुरुवार धरला होता. तिकिटांच्या जुन्या नोंदी चाळल्यावर दिसलं की या बँकेच्या मुख्य शाखेतून गुरुवारी दीडपट फोन येतात. कारण साधं होतं: त्या गावचा आठवडे बाजार गुरुवारी भरतो. व्यापारी सकाळी रोकड काढतात, दुपारनंतर भरतात, काउंटरवर दिवसभर रांग असते. पुण्यातल्या कॅलेंडरवर ही गोष्ट कुठेच छापलेली नसते. ती नोंदींत सापडते, नाहीतर बँकेच्या माणसाला विचारल्यावर कळते. दिवस बदलला आणि बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५ ठरला. वेळ सकाळी १०.३० ते दुपारी ४.३०.

मग प्रश्न येतो तो बाहेर किती माणसं ठेवायची याचा. ‘दोघं पुरे होतील’ हा बहुतेक टीम लीडचा अंदाज असतो, आणि सरासरीवर पाहिलं तर तो बरोबरही येतो. मागच्या काही बुधवारच्या नोंदी सांगतात की या सहा तासांत चारही बँकांचे मिळून साधारण २६ फोन येतात आणि एका फोनला सरासरी १२ मिनिटं लागतात. म्हणजे ३१२ मिनिटांचं काम. दोन माणसांचे सहा तास म्हणजे ७२० मिनिटं. भरपूर वेळ आहे असं वाटतं.

पण फोन दिवसभर सारखे येत नाहीत. शाखा उघडल्यानंतरच्या गर्दीत, साडेदहा ते साडेबारा या दोन तासांतच त्यातले निम्मे, म्हणजे १३ येतात. त्यांचं काम १५६ मिनिटांचं आणि दोघांकडे मिळून वेळ २४० मिनिटं. तरीही भागतं. आता याच वेळेत एखाद्या बँकेत तातडीचा बिघाड झाला असं धरा. दोघांपैकी एक जण त्याला चिकटतो आणि दुपारपर्यंत सुटत नाही. उरलेल्या एकट्याकडे १२० मिनिटं आणि काम १५६ मिनिटांचं. साडेबारा वाजता तीन शाखा ताटकळत राहतात, त्या तिघीही पुन्हा पुन्हा फोन लावतात, आणि रांग आणखी फुगते. म्हणून टीम लीड साडेबारापर्यंत तिघं बाहेर ठेवते आणि त्यानंतर दोघं. तिसऱ्या माणसाचं सकाळचं सत्र बुडतं, ते पुढच्या आठवड्यात भरून काढायचं. एवढा हिशेब केल्यावरच तिला मेलमध्ये ‘तातडीच्या मदतीत फरक पडणार नाही’ असं लिहिण्याचा अधिकार येतो.

हा हिशेब बरोबर असूनही दिवस बिघडू शकतो, तो माणसांच्या निवडीवरून. प्रशिक्षणाला अनुभवी माणसं आधी पाठवावीत असं वाटतं, कारण पुढे तीच इतरांना शिकवणार असतात. मग बाहेर उरतात नवखे. बँकेच्या चालू डेटाबेसला हात लावण्याची परवानगी मात्र टीममध्ये दोघा-तिघांनाच असते, आणि ती असायलाही मोजक्यांनाच हवी. एखादं व्हाउचर अर्धवट नोंदलं गेलं, नवख्याने कारण ओळखलंही, पण दुरुस्तीचा अधिकार असलेली दोन्ही माणसं वर्गात आणि त्यांचे फोन सायलेंटवर, असं झालं तर बाहेर कितीही जण बसलेले असोत, उपयोग शून्य. म्हणून बाहेरच्यांपैकी निदान एकाकडे ती परवानगी हवी. आदल्या संध्याकाळी त्याने प्रत्यक्ष लॉगिन करून पाहावं, कारण महिनोन्‌महिने न वापरलेला पासवर्ड नेमका गरजेच्या दिवशी मुदत संपलेला निघतो. वर्गातल्या एका ज्येष्ठ माणसाचा फोनही चालू राहील हे आधी ठरवावं, आणि त्याला बाहेर बोलावलं तर शिकवणाऱ्याने खट्टू होऊ नये म्हणून त्यालाही तसं सांगून ठेवावं.

आता ‘तातडीचं’ म्हणजे काय ते पाहू. करारात त्याची व्याख्या कंपनीच्या नजरेतून केलेली असते: सगळ्या शाखांचं काम ठप्प होणं म्हणजे तातडीचं, एखादी स्क्रीन न उघडणं म्हणजे मध्यम. बँकेचा दिवस मात्र वेगळ्या घड्याळावर चालतो. चेक क्लिअरिंगचंच घ्या. ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने चेक वटवण्याची जुनी गठ्ठापद्धत बदलली. त्या पहिल्या टप्प्यात, २०२५ मध्ये, सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात चेकच्या प्रतिमा सतत पुढे जात राहायच्या, आणि ज्या बँकेवर चेक काढलेला आहे तिने संध्याकाळी ७ पर्यंत तो मंजूर की परत हे कळवायचं असतं. कळवलं नाही, तर चेक मंजूर झाला असं धरून पैसे जातात. म्हणजे चेक तपासायची स्क्रीन दुपारी दोनला अडकली आणि ते तिकीट ‘मध्यम’ म्हणून रांगेत पडून राहिलं, तर खात्यात शिल्लक नसलेल्या माणसाचा चेकही वटू शकतो. प्रशिक्षणाची सहा तासांची खिडकी आणि चेक पाठवायची तेव्हाची सहा तासांची खिडकी जवळजवळ एकावर एक बसत होत्या. करारात काहीही लिहिलेलं असो, त्या दिवसापुरतं चेकचं कोणतंही तिकीट तातडीचं धरलं जाईल, असं टीम लीडने मेलमध्ये स्वतःहून लिहावं. माझ्या मते संपूर्ण मेलमधलं हे सर्वांत मोलाचं वाक्य आहे. बँकेचं काम या माणसांना कळतं, हे आयटी प्रमुखांना त्यातून दिसतं.

दुसरी गोष्ट सायबर हल्ल्याची. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावा लागतो. साडेदहाला शंका आली आणि ‘प्रशिक्षण संपल्यावर बघू’ म्हटलं, तर साडेचारला मुदतच संपते. त्यामुळे संशयास्पद लॉगिन, अनोळखी व्यवहार किंवा फाइली उघडेनाशा होणं, यांपैकी कशालाही त्या दिवशी रांग नसते.

एवढं ठरल्यावर मेल लिहायला अर्धा तास पुरतो. प्रशिक्षणाच्या दोन आठवडे आधी, २९ ऑक्टोबरला तो जातो. विषयाची ओळ अशी: ‘बुध. १२ नोव्हेंबर, १०.३० ते ४.३०: साध्या तक्रारींना उशीर, तातडीची मदत नेहमीप्रमाणे – आपली संमती हवी’. आयटी प्रमुखांनी मोबाइलवर एवढंच वाचलं तरी पुढे काय करायचं ते त्यांना कळतं. खालचा मजकूर असा:

‘आदरणीय साहेब, सप्रेम नमस्कार.

बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी १०.३० ते दुपारी ४.३० या वेळेत आमच्या सपोर्ट टीमचं नव्या आवृत्तीचं प्रशिक्षण ठेवण्याचा विचार आहे. या वेळेत आपलं सॉफ्टवेअर आणि सर्व्हर नेहमीप्रमाणे चालू राहतील. फोनवर मदत करणारी माणसं कमी असतील: साडेबारापर्यंत तीन, त्यानंतर दोन.

तातडीच्या आणि मध्यम तक्रारींची करारातली मुदत तशीच राहील. चेक क्लिअरिंगची कोणतीही अडचण आणि सुरक्षेबाबतची कोणतीही शंका त्या दिवशी तातडीचीच मानली जाईल. पासबुक छपाई, अहवालाची मांडणी, नव्या वापरकर्त्याची नोंद अशा साध्या कामांना मात्र गुरुवारी दुपारी १२ पर्यंत वेळ द्यावा, अशी विनंती आहे. १२ तारखेला नवा कर्मचारी रुजू होणार असेल तर त्याचं नाव १० तारखेपर्यंत कळवावं, लॉगिन आदल्या दिवशी तयार करून देऊ.

हेल्पलाइनचा क्रमांक तोच आहे. तातडीच्या कामासाठी पाच मिनिटांत फोन लागला नाही तर थेट माझ्या मोबाइलवर करावा. मी त्या दिवशी प्रशिक्षणात नाही.

ही व्यवस्था चालेल का, हे ५ नोव्हेंबरपर्यंत कळवावं. त्या दिवशी बँकेचं काही विशेष काम असेल तर आम्ही दिवस बदलू. शाखांना पाठवण्यासाठी छोटा निरोप खाली दिला आहे.’

पहिल्याच परिच्छेदात सर्व्हर चालू राहतील हे सांगितलं आहे. देखभालीसाठी सर्व्हर बंद ठेवण्याचे मेल बँकांना सतत येत असतात, त्यामुळे ‘१०.३० ते ४.३०’ असं काही दिसलं की वाचणारा आधी तेच समजतो. माफीचं वाक्य मेलमध्ये नाही. ज्याला अजून हो किंवा नाही म्हणायचं आहे त्याची आधीच माफी मागून ठेवली, तर त्याला नाही म्हणणं अवघड जातं. प्रशिक्षणाचं कौतुकही एका शब्दापुढे नाही. ‘नव्या आवृत्तीचं’ एवढं पुरतं, कारण ती आवृत्ती बँकेत बसणार हे साहेबांना माहीत आहे.

शाखांसाठीचा निरोप वेगळा लिहायचं कारण असं, की मेल आयटी प्रमुखांना जातो आणि फोन करणारा असतो शाखेतला क्लार्क. तो मेल त्याच्यापर्यंत कधी पोचतच नाही. त्याच्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर तसाच पुढे पाठवता येईल असा मजकूर हवा: ‘बुधवारी १०.३० ते ४.३० सपोर्टला माणसं कमी आहेत. काम अडलं, चेक अडकला किंवा काही संशयास्पद दिसलं तर लगेच फोन करा. प्रिंट, रिपोर्ट, नवं लॉगिन यासाठी फोन न करता तिकीट टाका, गुरुवारी दुपारपर्यंत होईल.’ त्या दिवशी फोन खरोखर कमी येतात की नाही, हे मूळ मेलपेक्षा या निरोपावर अधिक अवलंबून असतं.

चारही बँकांना एकच मेल पाठवायचा मोह टाळलेला बरा. एकीचा बाजार गुरुवारी तर दुसरीचा बुधवारीच असू शकतो, आणि एका ग्राहकाचा पत्ता दुसऱ्याला दिसणं कोणत्याच बँकेला आवडत नाही. ग्राहक परदेशात असेल तर वेळ दोन्हीकडची लिहावी. लंडनमधलं घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकतं. भारताशी त्याचं अंतर उन्हाळ्यात साडेचार तासांचं आणि हिवाळ्यात साडेपाच तासांचं असतं. २० ऑक्टोबरला हिशेब करून लिहिलेली वेळ १२ नोव्हेंबरला तासाने चुकलेली निघते.

मेल गेला की काम संपलं असं अनेकांना वाटतं. पण तिकिटांच्या सॉफ्टवेअरलाही हा बदल सांगावा लागतो, कारण मुदतीचं घड्याळ तिथे चालतं. बदल केलाच नाही, तर साध्या तिकिटांची ४ तासांची मुदत दुपारी उलटू लागते, व्यवस्थापकांना लाल रंगाचे इशारे जातात आणि महिनाअखेरच्या अहवालात ‘मुदत चुकली’ अशी दहा-बारा तिकिटं दिसतात, जी खरं तर संमतीने पुढे ढकललेली होती. उलट घाईघाईने १२ तारखेला अख्ख्या दिवसाची सुट्टी टाकली, तर तातडीच्या तिकिटांचंही घड्याळ थांबतं आणि पंधरा मिनिटांचा इशारा वाजतच नाही. ही चूक जास्त घातक, कारण ती शांत असते, दिवसभर कोणाच्या लक्षातही येत नाही. बदल फक्त साध्या तिकिटांच्या घड्याळात करायचा, आदल्या दिवशी एक खोटं तातडीचं तिकीट टाकून इशारा येतो का ते बघायचं, आणि हेल्पलाइनवर रेकॉर्ड केलेला संदेश मेलशी जुळतो की नाही ते स्वतः फोन करून ऐकायचं.

आपल्या उदाहरणातल्या आयटी प्रमुखांचं उत्तर ३ नोव्हेंबरला आलं असं धरू: ‘व्यवस्था चालेल. मात्र त्या दिवशी सकाळी ११ ते १ आमच्या दोन शाखांत ऑडिटर असतील. त्यांना लागणारे अहवाल साध्या कामात धरू नयेत.’ विनंतीचा मेल पाठवल्याचा फायदा तो हाच. नुसती सूचना गेली असती तर ऑडिटरची गोष्ट टीम लीडला बुधवारी अकरा वाजता, वैतागलेल्या शाखाधिकाऱ्याकडून कळली असती. आता तिला दोन कामं करायची आहेत. त्या दोन शाखांचे अहवाल मंगळवारी संध्याकाळी काढून ठेवायचे, आणि तिसऱ्या माणसाला साडेबाराऐवजी एक वाजेपर्यंत बाहेर बसवायचं. मग बदललेल्या दोन ओळींसह उत्तर पाठवायचं, खातं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला प्रत जोडायची, आणि बँकेचं ‘चालेल’ त्या दिवसाच्या तिकिटांच्या नोंदीला लावून ठेवायचं, म्हणजे महिनाअखेरीला अहवाल तपासणाऱ्याला साध्या तिकिटांची मुदत का वाढली ते तिथेच दिसेल.